ब्युटी स्टार्टअपचं पिच: कंपनीचा किती हिस्सा द्यायचा आणि आलेल्या पैशांनी काय सिद्ध करायचं?

जानेवारी २०२५ मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरनं जयपूरच्या 'मिनिमलिस्ट' या स्किनकेअर ब्रँडचा ९०.५ टक्के हिस्सा विकत घेत असल्याचं जाहीर केलं. व्यवहारासाठी कंपनीची किंमत धरली गेली २,९५५ कोटी रुपये. मोहित आणि राहुल यादव या भावांनी २०२० मध्ये सुरू केलेल्या ब्रँडची चार-पाच वर्षांत एवढी किंमत झाली, म्हटल्यावर सोशल मीडियावर चर्चा होणारच होती.

अशा बातम्यांमध्ये आपल्याला दिसतो तो प्रवासातला शेवटचा आकडा. पण सीरम, सनस्क्रीन किंवा लिपस्टिकचा छोटा ब्रँड सुरू करून पहिल्यांदाच गुंतवणूकदारासमोर बसणाऱ्यासाठी प्रश्न वेगळे असतात. किती पैसे मागायचे? त्याबदल्यात कंपनीचा किती हिस्सा द्यायचा? जेमतेम ५० लाखांची विक्री असलेल्या कंपनीची किंमत काही कोटी कशी काय होते? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, आलेल्या पैशांनी नेमकं काय करून दाखवायचं?

हे सगळं एका उदाहरणातून समजून घेऊया.

इक्विटी म्हणजे काय?

समजा, पुण्यातल्या दोन मैत्रिणींनी एक सनस्क्रीन बाजारात आणलं आहे. सावळ्या त्वचेवर पांढरा थर राहत नाही, ही त्याची खासियत. एक मैत्रीण फॉर्म्युलेशन करणारी केमिस्ट आहे, दुसरी विक्री आणि मार्केटिंग बघते. दोघींनी मिळून २० लाख रुपये घातले आहेत. १४ महिन्यांत विक्री महिन्याला १,२०० ट्यूबवर पोहोचली आहे. कंपनीचे ८,००० शेअर आहेत, प्रत्येकीकडे निम्मे.

आता एक गुंतवणूकदार १ कोटी २० लाख रुपये द्यायला तयार आहे आणि त्याला २० टक्के हिस्सा हवा आहे. इथे अनेकांचा एक गैरसमज असतो. त्यांना वाटतं की दोघी आपले शेअर त्याला विकतील आणि पैसे त्यांच्या खात्यात जातील. तसं होत नाही. कंपनी २,००० नवे शेअर तयार करते आणि ते गुंतवणूकदाराला देते. पैसे कंपनीच्या खात्यात येतात. दोघींचे शेअर तेवढेच, म्हणजे ८,००० राहतात. पण एकूण शेअर आता १०,००० झाल्यामुळे त्यांचा हिस्सा १०० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर येतो. यालाच 'डायल्युशन' म्हणतात.

कंपनीत पैसे आणणारी ही झाली 'प्रायमरी' गुंतवणूक. जुन्या शेअरधारकाचे शेअर दुसऱ्यानं विकत घेतले तर तो 'सेकंडरी' व्यवहार. मिनिमलिस्टच्या सौद्यात २,६७० कोटी रुपये सेकंडरीचे होते, म्हणजे ते जुन्या शेअरधारकांना मिळणार होते. खुद्द कंपनीत येणारी रक्कम होती ४५ कोटी. सुरुवातीच्या फंडिंगमध्ये उलटं असतं. जवळपास सगळे पैसे कंपनीत येतात आणि फाउंडरच्या खिशात काही जात नाही. 'अमुकनं एक कोटी उभे केले' याचा अर्थ 'अमुक करोडपती झाला' असा होत नाही, तो यामुळे.

व्हॅल्युएशन कसं निघतं?

२० टक्क्यांची किंमत १ कोटी २० लाख, तर १०० टक्क्यांची किंमत ६ कोटी. हे झालं 'पोस्ट-मनी' व्हॅल्युएशन, म्हणजे नवे पैसे आल्यानंतरची किंमत. त्यातून आलेले १ कोटी २० लाख वजा केले की उरतात ४ कोटी ८० लाख. ही 'प्री-मनी', म्हणजे पैसे येण्याआधी कंपनीची धरलेली किंमत. एका शेअरचा भाव पडतो ६,००० रुपये.

मिनिमलिस्टचे आकडे याच पद्धतीनं जुळतात. आधीची किंमत २,९५५ कोटी, त्यात नवे ४५ कोटी, एकूण ३,००० कोटी. त्याचे ९०.५ टक्के म्हणजे २,७१५ कोटी. आणि २,६७० अधिक ४५ बरोबर तेवढेच.

टीव्हीवरच्या 'शार्क टँक'मध्ये 'इतक्या टक्क्यांसाठी इतके लाख' ऐकल्यावर हा हिशोब लगेच करता येतो. पण प्री-मनी की पोस्ट-मनी, हे स्पष्ट न बोलल्यास गोंधळ होतो. '६ कोटी व्हॅल्युएशन' हे प्री-मनी असेल तर १ कोटी २० लाखांना १६.७ टक्के द्यावे लागतात, पोस्ट-मनी असेल तर २०. एका शब्दामुळे ३ टक्क्यांहून जास्त फरक पडतो.

आणखी एक गोष्ट इथेच ठरते. पुढे चांगली माणसं नेमताना त्यांना देण्यासाठी काही शेअर बाजूला ठेवले जातात. त्याला 'ईसॉप पूल' म्हणतात. गुंतवणूकदार सहसा म्हणतो की १० टक्के पूल माझे पैसे येण्याआधी तयार करा. म्हणजे प्री-मनीच्या ८,००० शेअरपैकी १,००० पूलमध्ये गेले. दोघींकडे उरले ७,०००. कागदावर प्री-मनी ४ कोटी ८० लाखच दिसते, पण दोघींच्या शेअरची किंमत होते ४ कोटी २० लाख. पूल मागणं चुकीचं नाही. फक्त तो कोणाच्या वाट्यातून जातोय, हे सही करण्याआधी कळायला हवं.

पण ६ कोटी हा आकडा आला कुठून?

या कंपनीची वर्षाची विक्री साधारण ५२ लाख रुपये आहे. नफा जवळपास नाही. मग ६ कोटी कसे?

खरं सांगायचं तर सुरुवातीच्या टप्प्यावर व्हॅल्युएशन हे कंपनीच्या मालमत्तेचं मोजमाप नसतंच. ते दोन आकड्यांमधून निघतं. कंपनीला पुढचा टप्पा गाठायला किती पैसे लागतील, हा पहिला आकडा. फाउंडरकडे पुढच्या फेऱ्यांसाठीही पुरेसा हिस्सा उरेल असे किती टक्के आत्ता देता येतील, हा दुसरा. अशा पहिल्या फेरीत साधारण १० ते २५ टक्क्यांच्या दरम्यान सौदे होतात. पहिल्याच फेरीत ४०-५० टक्के दिले, तर पुढचा गुंतवणूकदार बिचकतो. दोन-तीन फेऱ्यांनंतर कंपनी चालवणाऱ्यांकडेच काही उरणार नसेल, तर ते जीव तोडून काम का करतील, असा प्रश्न त्याला पडतो.

मग जास्तीत जास्त व्हॅल्युएशन मागितलं तर? समजा, मिनिमलिस्टच्या बातमीनं हुरळून दोघींनी २० कोटी मागितले आणि मिळालेही. १ कोटी २० लाखांसाठी फक्त ६ टक्के द्यावे लागले. वरवर बघता मोठाच विजय.

आता १८ महिने पुढे जाऊ. महिन्याची विक्री ५,००० ट्यूबवर गेली. वर्षाच्या हिशोबात ती होते सुमारे २ कोटी १६ लाख. नवा गुंतवणूकदार विक्रीच्या ८ पट किंमत द्यायला तयार झाला. मिनिमलिस्टची २०२३-२४ ची उलाढाल सुमारे ३५० कोटी होती आणि किंमत ठरली २,९५५ कोटी. म्हणजे साडेआठ पटीच्या आसपास. तेव्हा ८ पट हा उदार भाव म्हणायला हवा. त्या हिशोबानं कंपनीची किंमत होते सव्वासतरा कोटी.

पहिली फेरी ६ कोटींवर झाली असती, तर शेअरचा भाव जवळपास तिप्पट झाला असता. पण ती २० कोटींवर झाल्यामुळे, विक्री चौपट होऊनही भाव १४ टक्क्यांनी घसरला. याला 'डाउन राउंड' म्हणतात. करारात जुन्या गुंतवणूकदाराला संरक्षण देणारं कलम असेल, तर भाव पडल्यावर त्याला भरपाई म्हणून जास्त शेअर मिळतात आणि ते फाउंडरच्या हिश्श्यातून कमी होतात.

जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात 'एंजल टॅक्स' रद्द झाला. त्याआधी वाजवी किमतीपेक्षा जास्त भावानं शेअर दिल्यास वरच्या रकमेवर कंपनीला कर लागण्याची भीती असायची. ती गेली. पण आत्ता पाहिलेला सापळा कराचा नाही, त्यामुळे तो आहे तिथेच आहे.

मोठ्या कंपन्याही याला अपवाद नाहीत. 'मामाअर्थ'ची मूळ कंपनी होनासा आयपीओची तयारी करत असताना, २०२३ च्या सुरुवातीला ३ अब्ज डॉलर, म्हणजे २४ हजार कोटी रुपयांच्या व्हॅल्युएशनच्या बातम्या आल्या आणि त्यावर बरीच टीका झाली. नोव्हेंबरमध्ये शेअर ३२४ रुपयांना बाजारात आला, तेव्हा ती किंमत सुमारे १० हजार कोटींच्या घरात होती.

गुंतवणूकदार आधी काय बघतो? एका ट्यूबचा हिशोब

पिच डेक म्हणजे १०-१२ स्लाइडचं सादरीकरण. बऱ्याच ब्युटी ब्रँडच्या डेकमध्ये पहिली पाच पानं 'भारताची ब्युटी बाजारपेठ किती मोठी आहे' यावर जातात. गुंतवणूकदाराला ते आकडे पाठ असतात. त्याला हवा असतो एका ट्यूबचा हिशोब.

आपल्या उदाहरणातल्या ट्यूबवर एमआरपी ४९९ रुपये आहे. सवलती देऊन ती सरासरी ४२५ ला विकली जाते. त्यातून १८ टक्के जीएसटी गेला की कंपनीच्या हातात येतात ३६० रुपये. सप्टेंबर २०२५ मध्ये शॅम्पू, हेअर ऑइल, टाल्कम पावडर यांच्यावरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला, पण सनस्क्रीन आणि क्रीमवर तो १८ टक्केच आहे. त्यामुळे पिचमध्ये विक्रीचा आकडा देताना तो जीएसटी वगळून द्यायचा. ४२५ ने गुणून दाखवलेली विक्री पहिल्याच प्रश्नात उघडी पडते.

३६० मधून पुढचे खर्च जातात. क्रीम, ट्यूब आणि खोका मिळून ७५ रुपये. पॅकिंग आणि कुरिअर ६०. पेमेंट गेटवे आणि ऑनलाइन मार्केटप्लेसचं कमिशन सरासरी २५. कॅश ऑन डिलिव्हरीची जी पार्सलं दारातून परत येतात, त्यांचं नुकसान प्रत्येक पोहोचलेल्या ऑर्डरवर वाटलं तर २०. उरतात १८० रुपये.

पण ग्राहक आपोआप येत नाही. इन्स्टाग्रामवरच्या जाहिराती आणि इन्फ्लुएन्सरचा खर्च धरून एक नवा ग्राहक ३०० रुपयांना पडतो. म्हणजे पहिल्या ऑर्डरवर कंपनी १२० रुपये गमावते.

मग हा धंदा चालतो कसा? दुसऱ्या ऑर्डरवर. चेहरा आणि मानेला सांगितलेल्या प्रमाणात सनस्क्रीन लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब महिना-दीड महिन्यात संपते. आवडलं असेल तर ग्राहक परत येतो, आणि तेव्हा जाहिरातीचा खर्च नसतो. त्या ऑर्डरचे १८० रुपये पूर्ण सुटतात.

१०० नवे ग्राहक धरा. पहिल्या ऑर्डरवर एकूण तोटा १२ हजार रुपये. तो भरून काढायला ६७ पुन्हा आलेल्या ऑर्डर लागतात. १०० पैकी २५ जण परत आले आणि वर्षभरात प्रत्येकानं सरासरी तीनदा घेतलं, तर ७५ ऑर्डर होतात. तोटा भरून थोडं हातात राहतं. १०० पैकी १५ च परत आले, तर ४५ ऑर्डर होतात आणि प्रत्येक नवा ग्राहक कंपनीला आणखी खड्ड्यात घालतो. अशा वेळी गुंतवणूक घेऊन जाहिरात वाढवली तर विक्रीचा आलेख वर जातो आणि पैसे मात्र वेगानं संपतात.

म्हणून डेकमधली सगळ्यात वजनदार स्लाइड असते ती महिनावार ग्राहकांची. जानेवारीत पहिल्यांदा घेतलेल्यांपैकी मार्चपर्यंत किती परतले, जूनपर्यंत किती? फेब्रुवारीच्या गटाचं काय? 'आमचे ३० टक्के ग्राहक परत येतात' असा एकच सरासरी आकडा गुंतवणूकदाराला पुरत नाही. त्यात फाउंडरचे नातेवाईक, सुरुवातीचे उत्साही ग्राहक आणि सेलमध्ये साठा करून ठेवणारे सगळे मिसळलेले असतात. नवे गट जुन्यांपेक्षा कमी परतत असतील, तर तीच धोक्याची पहिली खूण.

दुकानांमधून विक्री असेल तर आणखी एक फरक दाखवावा लागतो. डिस्ट्रिब्युटरकडे गेलेला माल आणि ग्राहकानं घेतलेला माल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. होनासानं वितरणाची पद्धत बदलताना साठा कमी करायला घेतला, तेव्हा जुलै-सप्टेंबर २०२४ च्या तिमाहीत तोटा दाखवावा लागला आणि शेअर एका दिवसात २० टक्के पडला. छोट्या ब्रँडला एवढा धक्का पेलणारच नाही.

आलेल्या पैशांनी काय साधायचं?

आता मुख्य प्रश्न. दोघींच्या कंपनीत महिन्याला १,२०० ऑर्डर येतात. त्यातल्या ७०० नव्या ग्राहकांच्या, ५०० जुन्यांच्या. प्रत्येकी १८० प्रमाणे सुटतात २ लाख १६ हजार. ७०० नवे ग्राहक मिळवायला जाहिरातीत जातात २ लाख १० हजार. उरतात सहा हजार रुपये. त्यात दोघींचा पगार, ऑफिसचं भाडं, मदतनीस सगळं बसवायचं. म्हणजे धंदा बुडत नाहीये, पण वाढतही नाहीये.

'ब्रँड बिल्डिंगसाठी ४० टक्के, टीमसाठी ३० टक्के' असा गोल तक्ता इथे कामाचा नाही. त्यातून पैसे कुठे जातील ते कळतं, पण कंपनी कुठे पोहोचेल ते कळत नाही. चांगलं पिच उलट्या दिशेनं येतं. आधी १८ महिन्यांनंतरचं ठिकाण, मग तिथवरचा खर्च.

या कंपनीसाठी ते ठिकाण असं मांडता येईल: महिन्याला ५,००० ट्यूब, त्यातल्या ३,००० जुन्या ग्राहकांच्या. ५,००० ऑर्डरचे सुटतात ९ लाख. २,००० नव्या ग्राहकांसाठी जाहिरात ६ लाख. उरतात ३ लाख. पगार आणि ऑफिसचा खर्च पावणेतीन लाखांच्या आसपास ठेवला, तर कंपनी स्वतःच्या पायावर उभी राहते. त्यानंतर पुढची गुंतवणूक घ्यायची की नाही, हे दोघी ठरवू शकतात. नाहीतर शेवटच्या महिन्यात पगारासाठी मिळेल त्या अटीवर पैसे घ्यावे लागतात.

१ कोटी २० लाखांची मागणी यातूनच येते. १८ महिन्यांचे पगार आणि ऑफिस, ५० लाख. माल, पॅकेजिंग आणि दुकानं-मार्केटप्लेसकडे अडकणारी उधारी, २५ लाख. विक्रीतून सुटणाऱ्या पैशांच्या वर लागणारी जाहिरात, २० लाख. चाचण्या आणि दुसरं उत्पादन, १० लाख. उरलेले १५ लाख राखीव, कारण पुढची फेरी उभी करायलाच बऱ्याचदा चार-सहा महिने जातात.

यातली पगाराची रक्कम जाहिरातीपेक्षा मोठी आहे, हे काहींना खटकेल. पण इथली जाहिरात बहुतांशी विक्रीतूनच चालायला हवी. तशी ती चालत नसेल, तर एका ट्यूबचा हिशोबच बसलेला नाही आणि तो गुंतवणूकदाराच्या पैशांनी बसणारही नाही.

चाचण्यांचे पैसे ब्युटी ब्रँडसाठी शोभेचे नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये सनस्क्रीनच्या एसपीएफ दाव्यांवरून हिंदुस्तान युनिलिव्हर आणि होनासा यांच्यातला जाहिरातीचा वाद कोर्टात गेला होता. मोठ्या कंपन्या एकमेकींचे दावे तपासतात, तिथे छोट्या ब्रँडकडे 'एसपीएफ ५०' चा पुरावा म्हणून फक्त उत्पादकाचं पत्र असून चालत नाही. माणसांच्या त्वचेवर आयएसओ २४४४४ पद्धतीनं केलेली चाचणी आणि उष्णतेत, दमटपणात क्रीम फुटत नाही हे दाखवणारा स्टॅबिलिटी रिपोर्ट लागतो. हे रिपोर्ट यायला काही महिने लागतात, म्हणून नव्या उत्पादनाची तारीख त्यांच्या आधीची धरलेली डेक गुंतवणूकदाराला कच्ची वाटते.

दुसरी तपासणी होते फॉर्म्युल्याची. बहुतेक नवे ब्रँड दुसऱ्याच्या कारखान्यात माल बनवून घेतात. कारखान्याकडे कॉस्मेटिक्स रूल्स २०२० नुसार परवाना आहे का, हे बघितलं जातंच. पण त्याहून मोठा प्रश्न असतो की फॉर्म्युला कोणाचा? तो कारखान्याचाच असेल, तर तेच क्रीम उद्या दुसऱ्या नावाच्या ट्यूबमध्ये दिसू शकतं. आपल्या उदाहरणात फॉर्म्युला एका मैत्रिणीनं बनवला आहे. तो आणि सौंदर्यप्रसाधनांच्या वर्ग ३ मधला ट्रेडमार्क तिच्या नावावर नसून कंपनीच्या नावावर आहे, हे कागदानं दाखवावं लागतं.

व्हॅल्युएशनपेक्षा महागात पडणाऱ्या अटी

गुंतवणूकदार तयार झाला की 'टर्म शीट' येते. टीव्हीवर हातात हात देतात, तिथे खरं तर बोलणी सुरू होतात. हिशोब आणि कागद तपासल्यावर रक्कम, टक्के, अटी सगळं बदलू शकतं.

यातली एक अट नीट समजायला हवी, ती म्हणजे 'लिक्विडेशन प्रेफरन्स'. कंपनी विकली गेली तर आधी कोणाला किती, हे ती ठरवते. भारतात गुंतवणूकदार बहुधा साधे शेअर घेत नाहीत. पुढे साध्या शेअरमध्ये बदलणारे प्रेफरन्स शेअर घेतात, ते याच हक्कासाठी.

समजा, गोष्टी मनासारख्या झाल्या नाहीत आणि कंपनी ३ कोटींना विकावी लागली. साध्या एक पट प्रेफरन्समध्ये गुंतवणूकदार आपले १ कोटी २० लाख आधी घेतो आणि उरलेले १ कोटी ८० लाख बाकीच्यांना जातात. ही अट नेहमीची आहे. पण प्रेफरन्स 'पार्टिसिपेटिंग' असेल, तर तो आधी १ कोटी २० लाख घेतो आणि उरलेल्या रकमेतूनही २० टक्के, म्हणजे आणखी ३६ लाख. प्रेफरन्स दोन पट असेल तर थेट २ कोटी ४० लाख त्याचे. फाउंडर आणि ईसॉप मिळालेले कर्मचारी यांना मिळून ६० लाख.

कंपनी २० कोटींना विकली गेली, तर साध्या अटीचा गुंतवणूकदार प्रेफरन्स सोडून २० टक्क्यांप्रमाणे ४ कोटी घेईल आणि भांडण राहणार नाही. म्हणजे या अटीचा चटका दिवस वाईट असतील तेव्हाच बसतो. म्हणूनच जास्त व्हॅल्युएशनच्या आनंदात ती नजरेतून सुटते. दोन पट पार्टिसिपेटिंग प्रेफरन्ससह १० कोटींपेक्षा, साध्या एक पटीसह ६ कोटी बऱ्याचदा चांगले.

दुसरी अट 'व्हेस्टिंग'ची. दोघींचे शेअर चार वर्षांत टप्प्याटप्प्यानं त्यांचे होतील, असं गुंतवणूकदार सांगतो. ऐकायला हे अपमानास्पद वाटतं, कारण कंपनी त्यांनीच उभी केलेली असते. पण एक मैत्रीण सहा महिन्यांत लग्न, नोकरी किंवा भांडणामुळे बाहेर पडली आणि ३५ टक्के घेऊन गेली, तर मागे राहिलेलीचं काय? ही अट दुसऱ्या मैत्रिणीलाही वाचवते. १४ महिन्यांच्या कामाचे शेअर आधीच मिळाले असं धरा, एवढं मात्र मागून घेता येतं.

इक्विटी घ्यायचीच नाही, असं कधी?

समजा, दोघींना फक्त दिवाळीच्या मागणीसाठी १० लाखांचा माल भरायचा आहे आणि तो दोन-तीन महिन्यांत विकला जाईल, याची गेल्या वर्षीच्या विक्रीवरून खात्री आहे. त्यासाठी कंपनीचा हिस्सा विकणं म्हणजे दोन महिन्यांच्या गरजेसाठी कायमची किंमत मोजणं. इथे बँकेचं कर्ज स्वस्त पडतं. मुद्रा योजनेत आधीचं 'तरुण' कर्ज फेडलेल्यांसाठी मर्यादा २०२४ च्या अर्थसंकल्पात १० वरून २० लाखांवर नेली गेली. कर्जाचा हप्ता चुकवता येत नाही, हे खरं. पण ते फिटलं की बँक कंपनीत राहत नाही.

इक्विटी शोभते ती जिथे उत्तर माहीत नाही तिथे. दुसरं उत्पादन चालेल का, पुण्या-मुंबईबाहेरचा ग्राहक परत येईल का, ७०० वरून २,००० नवे ग्राहक मिळवताना खर्च ३०० च राहील का? बँक असल्या प्रश्नांवर पैसे लावत नाही, गुंतवणूकदार लावतो, आणि त्याचीच किंमत म्हणून हिस्सा घेतो.

या तीन प्रश्नांपैकी शेवटच्यावर सगळ्यात आधी लक्ष ठेवावं लागतं. जाहिरात वाढवली की ती आधी सहज पटणाऱ्यांपर्यंत पोहोचते, नंतर न पटणाऱ्यांपर्यंत. नवा ग्राहक ४०० रुपयांना पडायला लागला, तर ५,००० ट्यूब विकूनही महिन्याला ३ लाखांऐवजी १ लाखच उरतो आणि पगार निघत नाही. १८ महिन्यांची योजना सहाव्या महिन्यातच डळमळलेली असते, विक्रीचा आलेख मात्र तेव्हाही वर जाताना दिसतो. म्हणून दोघींनी पिचमध्येच लिहून ठेवायला हवं की हा खर्च सलग दोन महिने ३५० च्या वर गेला, तर जाहिरात थांबवून आधी जुने ग्राहक का परतत नाहीत ते शोधलं जाईल. गुंतवणूकदाराला हे वाक्य बाजारपेठेच्या आकड्यांपेक्षा जास्त सांगून जातं. आणि पैसे खात्यात आल्यावर दोघींनाही तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.